काबूलमध्ये सरकार कोणाचे? परराष्ट्रमंत्र्यांना खुले पत्र

मा. परराष्ट्रमंत्री महोदय,
सप्रेम नमस्कार.

ऑक्टोबर २०२५ मध्ये काबूलमधल्या तांत्रिक पथकाला आपण दूतावासाचा दर्जा दिलात. 'म्हणजे भारताने अफगाणिस्तानला मान्यता दिली का?' असे त्या आठवड्यात अनेकांनी मला विचारले. प्रश्नच चुकीचा आहे. अफगाणिस्तान हे राज्य आहे, याबद्दल कोणालाच शंका नव्हती. १५ ऑगस्ट २०२१ ला तालिबानने काबूल घेतले आणि सरकार पडले, पण देशाच्या सीमा, करार, कर्जे आणि संयुक्त राष्ट्रांतले सदस्यत्व तसेच राहिले. प्रश्न एवढाच, की त्या राज्याच्या वतीने सही कोण करणार.

याचे एक उत्तर म्हणजे प्रत्यक्ष ताबा. मध्य अमेरिकेतल्या कोस्टा रिकात टिनोको हा लष्करी नेता १९१७ मध्ये बंड करून सत्तेवर आला आणि १९१९ पर्यंत टिकला. ब्रिटनने त्याला मान्यता दिली नव्हती, तरी त्याच्या काळातल्या व्यवहारांवर ब्रिटिश कंपन्यांचे दावे होते. १९२३ मध्ये या वादातले लवाद, अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष टाफ्ट यांनी ठरवले, की देश त्याच्या हाती होता, लोक त्याचे हुकूम पाळत होते, म्हणून ते सरकार होते. परकीयांनी मान्यता नाकारणे हा ताबा नसल्याचा पुरावा होऊ शकतो. पण सत्ता बेकायदा मार्गाने आली म्हणून मान्यता नाकारली असेल, तर त्या पुराव्याचे वजन घटते.

आपण या कसोटीवर ठाम राहिलो नाही. १९८० मध्ये कंबोडियातल्या हेंग सामरिन सरकारला आपण मान्यता दिली, ती ताब्याकडे पाहून. खरे तर तो ताबा व्हिएतनामी फौजेच्या जोरावर होता, आणि परक्या संगिनींवर उभा असलेला ताबा ही या कसोटीची सर्वांत दुबळी जागा. उलट १९९६ नंतर काबूल तालिबानकडे असताना आपण पदच्युत राष्ट्राध्यक्ष रब्बानींचेच सरकार मानत राहिलो. तिथे ताब्यापेक्षा वैधता, म्हणजे सत्ता कायदेशीर आहे का हा प्रश्न, मोठा ठरला. दोन्ही निर्णयांमागे राजकारण होते, हे मी नाकारत नाही.

वैधतेचा मुद्दा मला क्षुल्लक वाटत नाही. मुलींना सहावीपुढे शाळा बंद करणाऱ्या राजवटीला सन्मान देऊ नये, हे खरेच. पण तो राग राजदूत न पाठवण्यात, मदतीत, भेटींत दाखवता येतो. सरकार अस्तित्वातच नाही असे भासवल्याने त्या मुलींना काही मिळत नाही.

पुण्यात शिकणाऱ्या अफगाण विद्यार्थ्याला पासपोर्टचे नूतनीकरण हवे असते. मुंबईच्या अफगाण वाणिज्य दूतावासात आपला माणूस नेमल्याचे तालिबानने नोव्हेंबर २०२४ मध्ये जाहीर केले. त्याची सही विद्यापीठाने, बँकेने, न्यायालयाने मानायची का? याचे लेखी उत्तर आपल्या मंत्रालयाने द्यावे. 'ही सही चालेल, कारण कारभार त्यांच्या हाती आहे. ही पसंती नव्हे' एवढ्या एका वाक्याचे परिपत्रक पुरेल.

आपला,
आंतरराष्ट्रीय कायद्याचा एक निवृत्त शिक्षक, पुणे