सोने: ग्रॅम घटले, खर्च का वाढला?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

सोने महागले की ‘मागणी घटली’ आणि ‘उलाढाल वाढली’ या दोन्ही बातम्या एकाच पानावर येतात. त्यांत विसंगती नाही. पण कारण म्हणून लोकांच्या सोन्याच्या हौसेकडे बोट दाखवले जाते, ते मला पटत नाही.

आमच्या भाचीच्या लग्नासाठी 50 ग्रॅमचे दागिने ठरले होते. तेव्हा भाव ग्रॅमला 7 हजार होता, म्हणजे साडेतीन लाख. खरेदीच्या दिवशी तो 10 हजारांवर गेला होता. मंगळसूत्र टाळता येत नव्हते. मग पाटल्या रद्द झाल्या, हार हलका घेतला आणि 40 ग्रॅमवर भागवले. तरी मजुरी आणि कर सोडून चार लाख गेले! भाव 43 टक्के चढला, वजन मात्र 20 टक्केच उतरले. भाव ज्या पटीत चढतो त्याहून कमी पटीत खरेदी घटते, तेव्हा अर्थशास्त्रात त्या मागणीला अलवचिक म्हणतात आणि ग्राहकाचा एकूण खर्च वाढतो. इथे ती अलवचिक झाली, कारण मंगळसूत्राला पर्याय नाही आणि मुहूर्त पुढे ढकलता येत नाही.

मात्र एका घराचा हा हिशेब देशाला जसाच्या तसा लावता येत नाही. जागतिक सुवर्ण परिषदेच्या आकडेवारीनुसार 2025च्या जुलै-सप्टेंबर तिमाहीत सरासरी भाव आदल्या वर्षीपेक्षा सुमारे 46 टक्के जास्त होता. भारतात दागिन्यांची मागणी 171.6 टनांवरून 117.7 टनांवर आली. म्हणजे 100 ग्रॅमच्या जागी 69 ग्रॅम आणि 100 रुपयांच्या जागी 146 रुपये. गुणाकार करून पाहा, खर्च जवळपास तेवढाच राहतो. भाव ज्या पटीत चढला, जवळपास त्याच पटीत वजन घटले, म्हणजे ही लवचिकता एकाच्या आसपासची झाली: घराने दागिन्यांसाठी रक्कम ठरवलेली असते, त्यात बसेल तेवढे वजन घेतले जाते.

मग त्या तिमाहीत सोन्यावरचा एकूण खर्च वाढला कुठे? मुख्यतः वळी, बिस्किटे आणि नाण्यांत. तिथली खरेदी सुमारे 20 टक्क्यांनी वाढली, तीही ग्रॅममध्ये! भाव चढतोय, अजून चढेल, या अपेक्षेने गुंतवणूकदार जास्त घेतो. ही लवचिकता नव्हे. इथे मागणीच सरकलेली असते, म्हणजे त्याच भावालाही आधीपेक्षा जास्त खरेदी होते. भाव थबकला की ही खरेदी ओसरू शकते. लग्नाची खरेदी तशी ओसरत नाही.

म्हणून विनंती अशी, की सोन्याची बातमी देताना दागिने आणि गुंतवणूक वेगवेगळी दाखवावी आणि दोन्हींचे ग्रॅम व रुपये शेजारी-शेजारी छापावेत. नुसता ‘मागणी घटली’ असा मथळा वाचून आमच्याकडच्या दोघा-तिघांनी भाव उतरेल या आशेने लग्नाची खरेदी लांबवली. शेवटी मुहूर्ताच्या तोंडावर त्यांना ती आणखी चढ्या भावाने करावी लागली.

आपला,
एक वाचक, सांगली