सोनोग्राफीत काही नाही, तरी पोट खरंच दुखतं

प्रति,
माननीय संपादक,

स. न. वि. वि.

देवगड तालुक्यात मी बरीच वर्षं लहान मुलांना तपासते. गणपतीची सुट्टी संपून शाळा सुरू झाल्या की दवाखान्यात एक तक्रार हमखास वाढते: सकाळी शाळेच्या वेळेला पोट दुखतं. यंदा अशा एका मुलीच्या आईने फाइल टेबलावर ठेवली आणि मुलीला बाहेर बसवून हळूच विचारलं, "डॉक्टर, चेडू नाटका करता काय ओ?" त्या प्रश्नाचं उत्तर मला तुमच्या वाचकांनाही द्यावंसं वाटतं, म्हणून हे पत्र.

मुलगी 10 वर्षांची, पाचवीत. जूनपासून गावातली शाळा सोडून एसटीने हायस्कूलला जायला लागलेली. जुलैत विहिरीचं पाणी गढूळ झालं तेव्हा तिला ताप, उलट्या आणि जुलाब झाले. चार दिवसांत ती बरी झाली, शाळा आठवडाभर बुडाली. त्यानंतर मात्र आठवड्यातून तीन-चार सकाळी पोटात कळ यायची. अडीच महिन्यांत तिला दोनदा प्रतिजैविकं दिली गेली, तीनदा जंताचं औषध झालं, आजीने दृष्टही काढली. सोनोग्राफीच्या रिपोर्टवर 'पोटात लहान गाठी' असं लिहिलेलं पाहून घरचे घाबरले होते. या गाठी म्हणजे आतड्याजवळच्या लसिका ग्रंथी. एक सेंटिमीटरपेक्षा लहान ग्रंथी ठणठणीत मुलांच्या सोनोग्राफीतही सर्रास दिसतात. केवळ त्या दिसल्या म्हणून औषधं सुरू करणं चूक आहे, आणि ही चूक आमच्याच व्यवसायात होते याचं मला वाईट वाटतं.

मी आधी तिलाच विचारलं, कुठे दुखतं? तिने अख्खा तळवा बेंबीभोवती फिरवला. एका बोटाने एकच जागा दाखवली असती, विशेषतः उजवीकडे खाली, तर मी जास्त काळजीत पडले असते. दुखणं सकाळी सातला सुरू होतं, दहा-अकरापर्यंत जातं. रविवारी क्वचितच. झोपेतून कळ येऊन ती कधी उठलेली नाही. जुलाब, ताप नाही, लघवीला जळजळ नाही. जूनमध्ये शाळेतल्या तपासणीत वजन 26 किलो होतं, आता 26 किलो 800 ग्रॅम. जंतुसंसर्ग अडीच महिने फक्त शाळेच्या दिवशी सकाळी येत नाही, आणि पोटात मोठा आजार मुरत असता तर वजन असं वाढलं नसतं.

राहिला बद्धकोष्ठाचा प्रश्न, आणि तिथेच आपण सगळे फसतो. "संडासला होते का?" असं विचारलं की उत्तर येतं, "होते, रोज." त्याच आठवड्यात आलेला सहा वर्षांचा मुलगा रोज 'जात' होता, पण खडे पडत होते, तीन-चार दिवसांनी एकदा भांडं तुंबेल एवढा मोठा, दुखून बाहेर येणारा मळ व्हायचा आणि चड्डीला डाग लागायचे. आईला ते जुलाब वाटत होते. खरं तर आत अडकलेल्या घट्ट मळाच्या कडेने पातळ मळ झिरपत होता. त्याच्या पोटात डावीकडे खाली हाताला गोळे लागत होते आणि शौच झालं की दुखणं थांबत होतं. त्याला आधी पोट साफ करण्याचं आणि नंतर कित्येक महिने मळ मऊ ठेवण्याचं औषध लागतं. चार दिवस बरं वाटलं म्हणून ते बंद केलं की सगळं पुन्हा पहिल्यासारखं होतं. मुलीच्या बाबतीत यातलं काहीच नव्हतं. शंका असेल तेव्हा आधी बद्धकोष्ठाचा नीट उपचार करतात. मळ मऊ, नियमित होऊनही पोट दुखत राहिलं, तर ते निव्वळ बद्धकोष्ठ नव्हतं असं समजायचं.

असं दुखणं महिन्यातून किमान चार वेळा, दोन महिने किंवा जास्त येत असेल आणि नीट तपासून दुसरं कारण सापडत नसेल, तर आम्ही त्याला फंक्शनल पोटदुखी म्हणतो. म्हणजे आतड्याला जखम नाही, पण आतडं आणि मेंदू यांच्यातल्या नसा हळव्या झाल्या आहेत. मी आईला सांगितलं, घरात एकदा चोर येऊन गेला की कुत्रा पुढे सुकं पान पडलं तरी भुंकतो, तसं हे. जुलैचा जुलाब हा तो चोर. आतडं नेहमीसारखं हलतं, एरवी ते आपल्याला कळतही नाही, पण तिला ते कळ म्हणून जाणवतं. त्यात बुडालेला अभ्यास, नवी शाळा, एसटी पकडायची घाई. ताणाने नसा आणखी जाग्या होतात. चेडू नाटकं करत नव्हतं. तिला दुखत होतं.

औषध जवळजवळ दिलंच नाही. अर्धा तास लवकर उठून पेज खायची, मग पाच-दहा मिनिटं संडासात निवांत बसायचं आणि रोज शाळेत जायचं. घरात कुणीही "आज दुखतंय का गो?" असं विचारायचं नाही. हे सगळ्यांनाच कठीण गेलं, आजीला जास्तच. पण मायेने वारंवार विचारलं की मुलाचं लक्ष पोटाकडे जातं आणि दुखणं वाढतं. तिने स्वतःहून सांगितलं तर "हो, दुखत असेल, जाईल ते, चल एसटी चुकेल" एवढंच म्हणायचं. पोटावर हात ठेवून सावकाश श्वास घ्यायला तिला शिकवलं. पहिल्या आठवड्यात दुखणं वाढलं. ते बहुधा वाढतंच, आणि तिथेच पालक हार मानतात. दिवाळीपर्यंत ते महिन्यातून एक-दोनदावर आलं आणि शाळा एकही दिवस बुडाली नाही.

हे वाचून कुणी खरा आजार अंगावर काढू नये. मूल झोपेतून कळ येऊन उठत असेल, वजन घटत असेल, शौचातून रक्त जात असेल, सतत ताप येत असेल, तर तपासण्या हव्यातच. हिरवी उलटी झाली, किंवा उजवीकडे खाली दुखणं वाढत जाऊन मुलाला चालताना वाकावं लागलं, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. फंक्शनल पोटदुखीच्या मुलालाही अपेंडिक्स होऊ शकतं. वेगळं, नवं दुखणं आलं की पुन्हा तपासावंच लागतं.

मुख्याध्यापकांना माझी एक विनंती आहे. पोट दुखतं म्हणणाऱ्या अशा मुलासाठी लगेच घरी फोन करू नका. दहा मिनिटं कार्यालयात शांत बसू द्या आणि परत वर्गात पाठवा. घरी गेल्यावर दुखणं थांबतं, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी ते आणखी जोरात येतं. आणि मुलींच्या संडासाला आतून लागणारी कडी आणि नळाला पाणी आहे ना, ते आठवड्यातून एकदा स्वतः जाऊन बघा. दिवसभर रोखून धरणाऱ्या मुली माझ्याकडे बद्धकोष्ठ घेऊन येतात.

आपली,
एक बालरोगतज्ज्ञ,
तालुका देवगड, जि. सिंधुदुर्ग