तीन ऑगस्टपासून माझी सही चालणार नाही

सातारा

चि. अथर्व यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

काल फोनवर म्हणालास, "आई, खातं आहे तसंच राहू दे की, बिघडलंय काय?" बिघडलं काहीच नाही. पण ३ ऑगस्टला तुला अठरा पूर्ण होतात आणि त्या दिवसापासून तुझ्या बँक खात्यावर पालक म्हणून माझी सही चालणार नाही. कायदा दुपारपर्यंतही थांबत नाही. वाढदिवसाचा दिवस सुरू झाला की तू सज्ञान आणि माझं पालकत्व संपलं. बँकेच्या संगणकात तुझी जन्मतारीख आहेच, त्यामुळे त्याला कुणी आठवण करून द्यावी लागत नाही. खातं तुझ्या सहीवर करून घेण्याचा अर्ज पूर्ण होईपर्यंत खात्यातून पैसे काढणं बहुतेक ठिकाणी थांबवलं जातं.

ताईच्या वेळी मी स्वतः बँकेत नोकरीला असूनही फसले, म्हणून एवढं लिहितेय. तिच्या होस्टेलच्या अनामत रकमेचा चेक मी तिच्या वाढदिवसाच्या दोन दिवस आधी सही करून दिला. होस्टेलवाल्यांनी तो आठवड्याने भरला. तोवर ती अठरा वर्षांची झाली होती, चेक परत आला आणि वर दंडही कापला गेला. चेकवरची तारीख आधीची होती, पण तो वटायला आला तेव्हा माझा अधिकार उरला नव्हता. तेव्हा तुझी मेसची रक्कम जुलैतच चुकती करू. जुन्या चेकबुकात उरलेली पानं मला आणून दे, ती बँकेत जमा करायची आहेत.

आता तुझं काम. आधार, पॅन, दोन फोटो आणि पासबुक घेऊन सोमवारी आपल्याच शाखेत ये. मी त्या खात्याची पालक असल्यामुळे तुझा अर्ज माझ्या टेबलावर येणार नाही, शेजारच्या साहेबांकडे जाईल. तुझं पॅन लहानपणी काढलेलं आहे, त्यावर ना फोटो आहे ना सही. नंबर तोच राहतो, पण फोटो-सहीचं कार्ड मिळण्यासाठी दुरुस्तीचा अर्ज करावा लागेल, तो तू आल्यावर करू. आधारवर नाव पूर्ण आहे आणि पासबुकात नुसतं 'अथर्व एस.' आहे, तेही याच अर्जात सरळ करून घे. मोबाइल नंबरही तुझा घाल. अजून प्रत्येक ओटीपी माझ्या फोनवर येतो आणि तू लेक्चरमधून मला फोन करतोस. वारसाची नोंद मी केलेली होती, ती आता तू नव्याने कर. खाते क्रमांक आपल्याकडे तोच राहतो, त्यामुळे शिष्यवृत्तीची काळजी नको.

अर्जात एक ओळ असते की खात्यातली शिल्लक मला मान्य आहे. मुलं ती न वाचताच सही ठोकतात. तू तसं करू नकोस. इतकी वर्षं व्यवहार मी केले, म्हणून ती शिल्लक तुझ्याकडून कबूल करून घेतात. पासबुक उघडून बघ. २०२३ मध्ये १८,००० काढलेले दिसतील, ते तुझ्या लॅपटॉपचे. आणखी काही खटकलं तर मला विचार, हिशेब वहीत आहे.

राहिली सही. तुझी दहावीच्या हॉलतिकिटावरची सही मी पाहिलीय, नुसती मुंगी शाईत बुडून कागदावरून गेल्यासारखी. सहीचा नमुना स्कॅन होऊन राहतो आणि चेक आला की समोर बसलेला माणूस तो नमुना आणि चेक शेजारी शेजारी ठेवून काही क्षणांत ठरवतो. तुला ओळखणारा कुणी तिथे नसतो. तो बघतो पहिलं अक्षर कसं सुरू होतं, शेवटचा फटकारा कुठे संपतो, खाली रेघ आहे की नाही. म्हणून फार वळणावळणाची सही नको. घाईत, उभ्या उभ्या जी येत नाही ती नमुन्यात देऊ नकोस. मराठीत केलीस तरी चालते, फक्त पॅनवरही तीच कर. आज रात्री कोऱ्या कागदावर वीस वेळा करून बघ. पंधराव्या-सोळाव्याला जी आपोआप येते ती तुझी खरी सही. अर्जावर दोन-तीन चौकोन असतात, त्या सगळ्यांत ती सारखी यायला हवी आणि चौकोनाच्या रेघेला लागता कामा नये. रेघेला लागली की स्कॅनमध्ये कापली जाते, मग पुन्हा बोलावणं.

सोमवारी साडेदहाला ये, अकरानंतर पेन्शनवाल्यांची रांग लागते. आणि पेन घरून आण. काउंटरवर दोरीला बांधलेला आहे, पण तो मधेच उमटत नाही.

तुझी
आई