खाणींआधी संस्था

माननीय संपादक,

खनिज निर्यातदार देशांवरील लेखात ‘संसाधनांचा शाप’, म्हणजे खनिजसंपत्तीच देशाच्या भल्याऐवजी नुकसानीला कारण ठरणे, जवळजवळ अटळ मानला आहे, ते मला पटले नाही. आफ्रिकेतील बोत्सवाना १९६६ मध्ये स्वतंत्र झाला आणि १९६७ मध्ये ओरापा येथे हिरे सापडले. त्याच वर्षीच्या कायद्याने खनिजांचे हक्क जमातींकडून राष्ट्राकडे गेले, जरी ओरापाची भूमी राष्ट्राध्यक्ष सेरेत्से खामा यांच्याच बामांगवाटो जमातीची होती. त्यामुळे महसुलावरून प्रदेशाप्रदेशांत भांडण पेटले नाही. विषमता मात्र तिथे आजही तीव्र आहे, कारण यांत्रिक खाणी फार थोड्यांना रोजगार देतात. लेखकाने हा भाग अधिक तपासायला हवा होता. आपल्या बळ्ळारीतील बेकायदा खाणकामातही दोष लोहखनिजाचा नव्हता, परवाने व वाहतूक तपासणाऱ्या यंत्रणेचा होता, हे २०११ च्या लोकायुक्त अहवालातून दिसते.

– एक वाचक, खानापूर (जि. बेळगाव)