ॲपमध्ये आधी काय घातलं, तेही विचारा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मी बेळगावात बी.ए.ला आहे. गाव खानापूर तालुक्यात, शाळा दहावीपर्यंत मराठी माध्यमाची. हॉस्टेलमधला माझा रूममेट निपाणीकडचा. गेल्या आठवड्यात आमचा रात्री दीडपर्यंत वाद झाला. तो आमच्या दोघांपुरता नाही असं मला वाटतं, म्हणून हे पत्र.

इतिहासाच्या अंतर्गत गुणांसाठी इंग्रजीतून निबंध लिहायचा होता. विषय १९२४ चं बेळगाव काँग्रेस अधिवेशन. मित्राने एका वेबसाइटवरचे चार परिच्छेद उचलले, तेच वेगळ्या शब्दांत लिहून देणाऱ्या पॅराफ्रेजिंग ॲपमध्ये घातले आणि आलेला मजकूर वहीत उतरवून काढला. आधी तो साम्य तपासणाऱ्या सॉफ्टवेअरमध्येही टाकून पाहिला होता. साम्य आलं ८ टक्के.

"झालं की. यूजीसीचा नियम दहा टक्क्यांचा आहे. मी आत बसतो."

"अरे, पण ही चोरीच."

"चोरी कसली? एक वाक्य तरी तसंच आहे काय? दाखव."

मी दोन्ही मजकूर शेजारी ठेवले. वाक्य खरंच एकही तसंच नव्हतं. पण मूळ परिच्छेद असा चालला होता: आधी स्वराज पक्षाशी असलेला मतभेद, मग नोव्हेंबरमधला कलकत्ता करार, मग गांधीजींनी स्वीकारलेलं अध्यक्षपद, शेवटी सुताची अट. मित्राचा परिच्छेदही याच चार पायऱ्यांनी, याच क्रमाने उतरत होता. करारात चित्तरंजन दास आणि मोतीलाल नेहरू ही दोनच नावं मूळ लेखकाने घेतली होती. यानेही तीच दोन घेतली होती. सॉफ्टवेअर सलग शब्दांची साखळी जुळते का ते बघतं. दर तीन-चार शब्दांमागे एक बदलला की साखळी तुटते आणि टक्के खाली येतात. काय सांगायचं, कशानंतर सांगायचं आणि काय गाळायचं हे मूळ लेखकाने ठरवलेलं असतं, आणि ते या टक्क्यांत दिसत नाही.

मग सुताच्या अटीचं वाक्य वाचलं. बेळगावच्या अधिवेशनात ठरलं होतं की काँग्रेसच्या सभासदाने महिन्याला २००० वार सूत द्यायचं, स्वतः कातलेलं किंवा दुसऱ्याकडून कातून घेतलेलं. इंग्रजीत सुताला 'यार्न' म्हणतात, पण त्याच शब्दाचा दुसरा अर्थ आहे रचून सांगितलेली गोष्ट. ॲपने तो दुसरा अर्थ उचलला होता. मित्राच्या निबंधात काँग्रेसचा सभासद दर महिन्याला दोन हजार यार्ड 'टेल्स' देत होता, म्हणजे गोष्टी! त्याने ते उतरवलं होतं आणि त्याला काही खटकलं नव्हतं.

विज्ञानाच्या शोधनिबंधांतही हेच सापडलं आहे. २०२१ मध्ये फ्रान्समधले संगणकशास्त्रज्ञ गिओम काबानाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे मोडतोड झालेले शब्दप्रयोग गोळा केले. 'आर्टिफिशियल इंटेलिजन्स'चं 'काउंटरफिट कॉन्शसनेस', 'ब्रेस्ट कॅन्सर'चं 'बुझम पेरिल'. त्या विषयातला माणूस असं कधी लिहिणार नाही. त्यामुळे हे शब्द दिसले की मजकूर यंत्रातून फिरवला असावा, असा संशय घ्यायला जागा मिळते.

मित्र थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "आणि तू? तूपण ॲप वापरलास की. काल मी बघितलोय."

हे खरं आहे. मी आधी मराठीत टिपणं काढली, त्यांवरून माझ्या मोडक्या इंग्रजीत निबंध लिहिला आणि शेवटी तो ॲपमधून काढला. मराठी शाळेतून आलेल्या आमच्यासारख्यांना पदवीला इंग्रजीतून लिहिताना काय होतं, ते सीमाभागातल्या वाचकांना वेगळं सांगायला नको. विचार असतो, पण वाक्य उभं राहत नाही.

"माझं मीच घातलं होतं आत," मी म्हणालो.

"ॲप एकच, बटण एकच. तुझं ते मदत आणि माझं ते चोरी?"

मी त्याला माझ्या निबंधातली एक जागा दाखवली. मी लिहिलं होतं की गांधीजींनी अध्यक्षपद भूषवलेलं हे एकमेव अधिवेशन. ॲपने 'एकमेव' हा शब्द अधिवेशनावरून उचलून गांधीजींना लावला आणि वाक्य झालं, या अधिवेशनाचे अध्यक्ष एकटे गांधीजीच होते. वाचताना ते मला लगेच बोचलं, कारण काय म्हणायचं आहे ते मला ठाऊक होतं. मी ते परत सरळ केलं. त्याला दोन हजार यार्ड गोष्टी बोचल्या नाहीत, कारण तिथे त्याला स्वतःला काही म्हणायचंच नव्हतं.

पण त्याचा पुढचा प्रश्न मला खरोखर अडवून गेला. "हाच निबंध इंग्रजीच्या पेपराला असता तर? तिथं मार्क भाषेलाच आहेत की."

तिथे माझंही चुकलंच असतं, हे मी कबूल केलं. जे तपासायचं आहे तेच ॲपकडून करून घेतलं, तर ती फसवणूक. इतिहासाच्या सरांना मी दुसऱ्या दिवशी सांगितलं की भाषा ॲपने सुधारली आहे, आणि माझा पहिला खर्डा त्यांच्यापुढे ठेवला.

मित्राने मग एक वाट काढली. "बरं, खाली वेबसाइटचं नाव लिहितो. मग?"

"मग चोरी राहत नाही. लिही."

त्याने पेन उचललं आणि ठेवलं. चार परिच्छेदांखाली एकच नाव चार वेळा लिहावं लागलं असतं, आणि त्यात याचं स्वतःचं किती, हे सरांना पहिल्याच नजरेत दिसलं असतं.

त्या दहा टक्क्यांबद्दलही सांगायला हवं, कारण आमच्या हॉस्टेलमध्ये हा आकडा सगळ्यांच्या तोंडी आहे. मी यूजीसीची २०१८ ची नियमावली काढून वाचली. दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही हे खरं, पण ती मोजपट्टी प्रबंध, शोधनिबंध, पुस्तकं अशा लेखनासाठी आहे. असाइनमेंट, टर्म पेपर, निबंध आणि उत्तरपत्रिका तिच्यातून स्पष्ट शब्दांत वगळल्या आहेत. म्हणजे ज्या आकड्याच्या आड माझा मित्र उभा होता, तो त्याच्या निबंधाला लागूच नाही. शिवाय त्याच नियमावलीत वाङ्मयचौर्याची व्याख्या करताना दुसऱ्याच्या कामाबरोबर दुसऱ्याची कल्पनाही आपली म्हणून खपवणं धरलं आहे.

निबंध वगळले आहेत, म्हणजे त्यांचं काय करायचं ते कॉलेजनेच ठरवायला हवं. आम्हाला मिळालेल्या विषयाच्या कागदावर शब्दमर्यादा होती, तारीख होती, ॲपबद्दल एक अक्षर नव्हतं. माझी आपल्या दैनिकामार्फत सीमाभागातल्या प्राध्यापकांना विनंती आहे की त्या कागदावर दोन ओळी वाढवा: ॲप कशासाठी चालेल, कशासाठी नाही. आणि निबंधासोबत पहिला खर्डा मागा, मराठीत असला तरी चालेल असं सांगून मागा. आमच्यातली कितीतरी मुलं मोडकं इंग्रजी दाखवायला लाजतात म्हणून कुणाचं तरी तयार उचलतात. माझा मित्रही त्यातलाच, हे त्याने त्या रात्री शेवटी सांगितलं.

त्याने निबंध अजून दिलेला नाही. सरांकडून चार दिवस वाढवून घेतले आहेत. काल तो टिळकवाडीतली काँग्रेस विहीर बघून आला आणि आल्यावर मराठीत दीड पान लिहून काढलं.

आपला,
एक विद्यार्थी,
बेळगाव