‘ऑरगॅनिक’ असे लिहिलेल्या चादरीबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक तक्रार निवारण विभाग

विषय : पुराव्याशिवाय ‘ऑरगॅनिक’ व ‘इको-फ्रेंडली’ असे दावे करणारी विक्री-नोंद

महोदय / महोदया,

आपल्या संकेतस्थळावरून मी एक सुती चादर मागवली. नोंदीत ‘१०० टक्के ऑरगॅनिक कॉटन, नॅचरल, इको-फ्रेंडली’ असे ठळकपणे लिहिले होते. चादरीला शिवलेल्या पट्टीवर मात्र फक्त ‘कॉटन’ हा शब्द आणि धुण्याच्या सूचना आहेत. प्रमाणन संस्थेचे नाव नाही, परवाना क्रमांकही नाही.

विचारणा केल्यावर विक्रेत्याने दोन कागद पाठवले. पहिला ‘ओइको-टेक्स स्टँडर्ड १००’चा आहे. हे प्रमाणपत्र कापडात अपायकारक रसायने ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त नाहीत एवढेच सांगते. कापूस कसा पिकवला याच्याशी त्याचा संबंध नाही, त्यामुळे साध्या कापसाच्या चादरीलाही ते मिळू शकते. दुसरा कागद ‘जीओटीएस’चे स्कोप सर्टिफिकेट आहे. हे मानक सेंद्रिय कापडासाठीच आहे खरे, पण त्यावर नाव आहे एका सूतगिरणीचे, आणि त्याची मुदतही संपलेली आहे. ती गिरणी सेंद्रिय सूत तयार करण्यास पात्र होती, एवढेच त्यातून कळते. त्या गिरणीचे सेंद्रिय सूत याच चादरीत आले, हे दाखवण्यासाठी मालाच्या प्रत्येक विक्रीसोबत निघणारे ट्रान्झॅक्शन सर्टिफिकेट लागते, आणि सुतानंतरचे विणकाम, रंगाई व शिलाई करणारेही प्रमाणित असावे लागतात. तयार चादर पाहून किंवा हाताळून कापूस सेंद्रिय आहे की नाही हे ग्राहकाला ओळखता येत नाही, म्हणून ही कागदांची साखळी मधेच तुटली की दाव्याला आधार उरत नाही.

‘इको-फ्रेंडली’बाबत तर विक्रेत्याने काहीच पाठवले नाही, पाठवणार तरी काय? पर्यावरणविषयक दाव्यांसाठीच्या ‘आयएसओ १४०२१’ या मानकानुसार असे मोघम शब्द वापरूच नयेत. रंगाईत पाणी कमी लागले असेल, तर किती आणि कशाच्या तुलनेत, हे लिहावे. ‘नॅचरल’विषयी मी वाद घालत नाही, कारण कापूस नैसर्गिकच असतो, मात्र ‘ऑरगॅनिक’ शेजारी तो शब्द ठेवला की वाचणाऱ्याला दोन्हींचा अर्थ एकच वाटतो, हे आपल्याही लक्षात यावे.

विक्रेत्याने अंतिम उत्पादकाचे वैध प्रमाणपत्र व या मालाचे ट्रान्झॅक्शन सर्टिफिकेट सादर करेपर्यंत नोंदीतून ‘ऑरगॅनिक’ हा शब्द काढावा, आणि ‘इको-फ्रेंडली’ हा शब्द तर लगेच काढावा. मी चादर परत करण्यास तयार आहे. तिची पूर्ण रक्कम परत मिळावी. शिवाय नवी नोंद करताना ‘ऑरगॅनिक’ लिहिणाऱ्या विक्रेत्याकडून परवाना क्रमांक व प्रमाणन संस्थेचे नाव घेतल्याशिवाय ती प्रसिद्ध होऊ नये, अशी सोय आपण करावी. तो क्रमांक मानकाच्या सार्वजनिक यादीत पडताळून पाहणे आपल्याला अवघड नाही.

विक्रेत्याशी झालेला पत्रव्यवहार, दोन्ही कागदांच्या प्रती आणि चादरीवरील पट्टीचे छायाचित्र सोबत जोडले आहे. कृपया लेखी उत्तर द्यावे.

आपली विश्वासू,
एक ग्राहक