एक लाखाची अट गायकांना लागू नाही

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला 'टिक मिळाली की गाणं पोचतं' हा लेख वाचला आणि सोमवारचा दिवस चिडचिडीत गेला. यूट्यूबवर एक लाख सबस्क्रायबर झाल्याशिवाय गायकाला अधिकृत चॅनेल मिळत नाही, असं त्यात सरळ छापलंय. ते वाचून आमच्या ओळखीतल्या दोन मुलींनी 'मग आपलं काही व्हायचं नाही' म्हणत विषय सोडून दिला. म्हणून हे पत्र.

एक लाखाची अट आहे ती नावापुढच्या करड्या टिकेसाठी. ती कोणत्याही चॅनेलला मिळू शकते, मग तो स्वयंपाकाचा असो की शेतीचा. तिने कोणतीही जादा सोय मिळत नाही, हे यूट्यूबने स्वतःच लिहून ठेवलंय. उद्या चॅनेलचं नाव बदललंत तर ती जाते आणि पुन्हा अर्ज करावा लागतो. गायकाच्या नावापुढे जी संगीताच्या स्वराची खूण दिसते, ती वेगळी, ती अधिकृत चॅनेलची. तिला सबस्क्रायबरची किमान अट नाही. स्वतःचा चॅनेल हवा, तो एकाच कलाकाराचा किंवा एकाच बँडचा हवा आणि किमान एक गाणं वितरकामार्फत, म्हणजे आपली गाणी यूट्यूबपर्यंत पोचवणाऱ्या कंपनीमार्फत, किंवा म्युझिक कंपनीमार्फत यूट्यूबवर गेलेलं हवं. ही मागणी सहसा आपण थेट करत नाही, आपल्या वतीने वितरक करतो. लेखात वितरक हा शब्दच नाही.

माझी धाकटी बहीण अभंग गाते. तिच्या नावात 'ज्ञ' आहे आणि सगळा घोळ त्या 'ज्ञ'ने केला. २०१९ साली तिचे आठ अभंग मी स्वतः एका वितरकामार्फत चढवले. नाव इंग्रजीत लिहिताना आपल्याकडे लिहितात तसं Dny लिहिलं. २०२१ मध्ये दुसरा अल्बम झाला, तो स्टुडिओवाल्यांनी त्यांच्या ओळखीच्या दुसऱ्या वितरकाकडे दिला. तिथे फॉर्म भरणाऱ्या माणसाने हिंदीच्या सवयीने Gy लिहिलं. आम्ही गाणं लागलं या आनंदात होतो, स्पेलिंगकडे कोण बघतंय?

वितरकाकडून गाणं गेलं की यूट्यूब त्या कलाकाराच्या नावाने आपोआप एक चॅनेल तयार करतं. नावाच्या शेवटी - Topic असं लागलेलं असतं आणि गाण्याखालच्या मजकुरात Auto-generated by YouTube ही ओळ असते. तो चॅनेल तुमच्या हातात नसतो. तिथे काही चढवता येत नाही की कुणाला उत्तर देता येत नाही. दोन स्पेलिंगांमुळे बहिणीचे असे दोन चॅनेल झाले. तिचा स्वतःचा, घरी पेटी घेऊन गायलेल्या व्हिडिओंचा, तो तिसरा. त्यावर काही मोठी उलाढाल नव्हती, २,१०० सबस्क्रायबर. पहिल्या आपोआप झालेल्या चॅनेलवर मात्र ९०० लोक होते आणि त्यातल्या बहुतेकांना तिचा स्वतःचा चॅनेल असल्याचा पत्ताच नव्हता. दुसऱ्यावर साठेक. त्या दुसऱ्यावर उत्तरेकडच्या कुणा त्याच स्पेलिंगच्या गायिकेची तीन डीजे गाणी येऊन बसली होती. आषाढीच्या आधी मामांनी फोन करून विचारलं, "अगं, तू हे काय गायला लागलीस?" ती त्या रात्री जेवली नाही.

दुरुस्तीला चार महिने गेले. आधी स्टुडिओवाल्यांना गाठलं, कारण दुसऱ्या अल्बमचं खातं त्यांच्या नावावर होतं आणि वितरक खातेदाराशिवाय कुणाशी बोलत नाही. मग स्पेलिंग बदलून आणि पहिल्या चॅनेलचा, UC ने सुरू होणारा, पत्ता जोडून तो अल्बम पुन्हा पाठवायला लावला. तो जागेवर यायला तीन आठवडे लागले. त्यानंतर पहिल्या वितरकाकडे अधिकृत चॅनेलची मागणी केली, तर ती नाकारली. बहिणीचा चॅनेल आमच्या भजनी मंडळाच्या नावाने होता, त्यावर मंडळातल्या इतरांची गाणी होती आणि भाच्याच्या क्रिकेटचे दोन व्हिडिओसुद्धा. चूक आमचीच होती. मंडळासाठी वेगळा चॅनेल काढला, या चॅनेलला बहिणीचं नाव दिलं, स्पेलिंग अल्बमवरच्यासारखंच ठेवलं आणि पुन्हा विचारलं. यावेळी झालं.

आता पोहोच किती वाढली ते सांगतो, कारण लेखात 'व्ह्यूज कैकपटीने वाढतात' असं म्हटलंय. आमचे वाढले नाहीत. नव्या अभंगाला पहिल्या आठवड्यात पूर्वी चारशे जण यायचे, आता पाच-सहाशे येतात. पण सबस्क्रायबर २,१०० वरून तीन हजारांवर एका झटक्यात गेले, कारण आपोआप झालेल्या चॅनेलवरचे लोक तिच्या चॅनेलकडे आले. तिने घरून काही चढवलं तर आता ते त्यांच्यापर्यंतही जातं. दोन्ही अल्बम तिच्याच चॅनेलवर आपसूक दिसतात. तिचं नाव शोधलं की डीजे गाणी वर येत नाहीत. फायदा इतकाच, आणि तो आम्हाला पुरेसा मोलाचा वाटतो. व्हिडिओंचे जुने व्ह्यूज मात्र एकत्र होत नाहीत. ज्या गाण्याचा व्हिडिओ कंपनीने आपल्या चॅनेलवर लावलाय, तो त्यांच्याकडेच राहतो. गायिकेला खूण मिळाली म्हणून तो तिचा होत नाही.

लेखकाने कुणा एका गायकाला जरी विचारलं असतं तरी त्याने आधी स्पेलिंग सांगितलं असतं. पहिलं गाणं देतानाच इंग्रजी स्पेलिंग ठरवून ठेवा, प्रत्येक वितरकाच्या फॉर्मवर तेच लिहा, आणि जुना चॅनेल असेल तर त्याचा पत्ता द्या. एवढ्या तीन ओळी छापल्या असत्या तरी चाललं असतं.

आणखी एक. त्याच पुरवणीच्या शेवटच्या पानावर '१५ दिवसांत टिक, खात्रीशीर' अशी छोटी जाहिरात आहे. गेल्या वर्षी अशाच एका माणसाने आमच्याकडे बारा हजार मागितले होते आणि बहिणीच्या खात्याचा पासवर्डही. आम्ही दिला नाही. आमच्या पेठेतल्या एका तबलजीने दिला आणि त्याचा चॅनेल गेला तो गेलाच. पुढच्या रविवारी दुरुस्ती छापाल तेव्हा ती जाहिरात पुन्हा येऊ देऊ नका, एवढी विनंती.

आपला,
एक नियमित वाचक, मिरज